एकवीस पानांची दीडशे शब्दांत नोंद: आधी क्रियापदं तपासा

प्रश्न: मी ऐरोलीला राहते, एमए समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय: ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या पदवीधरांना पहिली नोकरी ओळखीतून कशी मिळते. सरांनी बारा शोधनिबंधांची सटीप संदर्भसूची मागितली आहे, प्रत्येक नोंद जास्तीत जास्त दीडशे शब्दांची. मार्क ग्रॅनोवेटर यांचा ‘द स्ट्रेंथ ऑफ वीक टाइज’ हा १९७३ चा निबंध एकवीस पानांचा आहे. माझं टाचण साडेचारशे शब्दांचं झालं आणि कापायला गेले की उरतं ते अ‍ॅब्स्ट्रॅक्टसारखंच दिसतं. सध्या पहिलं वाक्य असं आहे: ‘ग्रॅनोवेटर यांनी सिद्ध केले की जवळच्या नात्यांपेक्षा तोंडओळखीतून नोकरी जास्त मिळते.’ काय ठेवू, काय सोडू?

उत्तर:

साडेचारशे शब्दांचं टाचण फाडू नका, त्यातलं बरंच कामाला येईल. पण आधी ते पहिलं वाक्य बघू. तुमची अडचण लांबीची वाटते आहे, ती खरं तर त्या वाक्यात आहे.

‘सिद्ध केले’ हे क्रियापद निबंधात कुठे आहे? एकवीस पानांपैकी नोकरीची आकडेवारी जेमतेम दोन-तीन पानांत येते, तीही मधेच, एका मोठ्या युक्तिवादाचं उदाहरण म्हणून. बॉस्टनच्या एका उपनगरात राहणारे आणि नुकतीच नोकरी बदललेले व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय कामातले लोक लेखकाने निवडले. त्यांतल्या ज्यांना नवी नोकरी कुणाच्या ओळखीतून लागली होती त्यांना विचारलं, की त्या सुमारास तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? उत्तरं आली: वारंवार १६.७ टक्के, अधूनमधून ५५.६ टक्के, क्वचित २७.८ टक्के. एकूण माणसं ५४.

आता हे टक्के माणसांत मोजा. ९, ३० आणि १५. टक्केवारी दशांश चिन्हासकट छापलेली असली की तिचा दबदबा वाटतो. नऊ, तीस आणि पंधरा माणसं म्हटलं की पुराव्याचं खरं वजन कळतं. मी प्रत्येक निबंधात हे करते, पेन्सिलीने, समासात. वजन हलकं आहे म्हणून निबंध वाईट असं नाही. पण ‘सिद्ध केले’ हे क्रियापद चोपन्न माणसांच्या खांद्यावर उभं राहत नाही. इथे ‘दाखवले’ चालेल, ‘आढळले’ त्याहून बरं.

त्या वाक्यात दुसरी चूकही आहे, आणि ती पहिलीपेक्षा जास्त महाग पडेल. ‘नोकरी जास्त मिळते’ असं तुम्ही लिहिलंत. पण ज्यांनी ओळखीच्या माणसांना सांगून पाहिलं आणि काहीच हाती लागलं नाही, ते या ५४ जणांत नाहीतच. नोकरी मिळाली, तीही ओळखीतून मिळाली, अशांनाच प्रश्न विचारला आहे. त्यामुळे ‘तोंडओळखीच्या माणसाला सांगितलं तर नोकरी लागण्याची शक्यता जास्त’ हे विधान या आकड्यांतून निघत नाही. शिवाय कुणाच्याही आयुष्यात तोंडओळखीची माणसं जिवलगांपेक्षा कितीतरी जास्त असतात, तेव्हा बातमी त्यांच्याकडून जास्त येणारच, ही शंकाही उरते. तुमच्या प्रबंधाचा विषय नेमका हाच असल्यामुळे तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक पहिलं बोट इथेच ठेवतील.

म्हणजे नोंद लिहिताना मजकूर कापणं हे शेवटचं काम. त्याआधी लेखकाने कुठल्या पानावर काय केलं आहे हे वेगळं काढायचं. त्याने व्याख्या केली, गृहीत धरलं, तर्काने काढलं, मोजलं, की नुसती शक्यता बोलून दाखवली? मी यासाठी पाठकोरा कागद घेते, निबंधातली उपशीर्षकं डावीकडे उतरवते आणि प्रत्येकापुढे एकच ओळ लिहिते. ओळीची सुरुवात क्रियापदाने. वाक्य विचित्र दिसतं, दिसू द्या.

ग्रॅनोवेटरचा कागद माझ्याकडे साधारण असा झाला होता. पहिल्या भागापुढे: ‘व्याख्या करतो, दुव्याचा, म्हणजे दोन माणसांमधल्या संबंधाचा, घट्टपणा चार गोष्टींचा मिळून: एकत्र घालवलेला वेळ, भावनेची तीव्रता, मन मोकळं करण्याइतकी जवळीक, एकमेकांची केलेली कामं.’ त्याच भागात पुढे: ‘गृहीत धरतो, अ चे ब शी आणि क शी दोन्हीकडे घट्ट दुवे असतील तर ब आणि क मध्ये निदान सैल दुवा तरी असतोच.’ त्याखाली: ‘तर्काने काढतो, म्हणून दोन गटांना जोडणारा पूल घट्ट दुवा असू शकत नाही.’ माहितीच्या प्रसाराच्या भागापुढे: ‘इतरांच्या जुन्या अभ्यासांवर तपासून पाहतो.’ नोकरीच्या आकड्यांपुढे: ‘मोजतो, ५४.’ वस्तीच्या संघटनेच्या भागापुढे: ‘शक्यता मांडतो.’ बॉस्टनची वेस्ट एन्ड ही इटालियन वस्ती शहर-नूतनीकरणात पाडली गेली, आणि तिथले लोक एकत्र येऊन विरोध का उभा करू शकले नाहीत, याचं तो संभाव्य कारण देतो: आतल्या आत घट्ट टोळकी होती, पण टोळक्याटोळक्यांत पूल नव्हते. हे त्याने तिथे जाऊन मोजलेलं नाही. शेवटच्या भागापुढे: ‘मर्यादा कबूल करतो, हा सिद्धांताचा एक तुकडा आहे म्हणतो.’

हा कागद समोर ठेवला की तुमचं टाचण साडेचारशे शब्दांचं का झालं ते दिसेल. तुम्ही सगळ्याच भागांना सारखी जागा दिली असणार. प्रामाणिक विद्यार्थी हेच करतात. वेस्ट एन्डची गोष्ट रंगतदार आहे म्हणून तिला शंभर शब्द गेले असतील, हे मी तुमचं टाचण न बघता सांगते. तुमच्या प्रबंधात तिला अर्ध्या वाक्यापेक्षा जास्त जागा नाही. पण ते अर्ध वाक्य हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की हा निबंध नोकरी शोधण्यावरच आहे. तो तसा नाही. दोन माणसांमधल्या छोट्या संबंधांपासून मोठ्या समाजरचनेपर्यंत कसं जायचं, हा त्याचा प्रश्न आहे.

अ‍ॅब्स्ट्रॅक्टबद्दल थोडं. या निबंधाचा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पुन्हा काढून वाचा. त्यात ५४ नाही, बॉस्टन नाही, नोकरी हा शब्दसुद्धा नाही. व्यक्तीला वर सरकायला मिळणाऱ्या संधींचा एक ओझरता उल्लेख आहे, बस. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट लेखक लिहितो, अनोळखी वाचकाने आत यावं म्हणून. तुमची नोंद तुम्ही आत जाऊन आल्यावर लिहायची असते. कापता कापता नोंद अ‍ॅब्स्ट्रॅक्टसारखी होऊ लागली, तर समजा की तुम्ही आकडे, व्याख्या आणि मर्यादा कापताय आणि गोल गोल वाक्यं ठेवताय. कापायचं असतं नेमकं उलट. ‘प्रस्तुत शोधनिबंधात लेखकाने सामाजिक संबंधांच्या विविध पैलूंवर प्रकाश टाकला आहे’ हे वाक्य तुमच्या टाचणात कुठे ना कुठे असेलच. दहा शब्द गेले आणि कुठल्याही निबंधाला चिकटेल असं लेबल मिळालं. ‘मोलाचे योगदान’, ‘सखोल विवेचन’, ‘दिशादर्शक’ ही सगळी त्याच कुळातली.

आता लिहिण्याकडे. निबंध बंद करा, स्क्रीनवर असेल तर खिडकी बंद करा, आणि फक्त तो पाठकोरा कागद घेऊन बसा. निबंध उघडा असला की त्याची वाक्यं मराठीत उतरतात, आणि इंग्रजी वाक्याचा सांगाडा तसाच राहून वर मराठी शब्दांचं कातडं चढतं. बंद असला की तुमची वाक्यं येतात. पाच-सहा वाक्यं लिहा, मोजू नका. मग निबंध पुन्हा उघडून तीनच गोष्टी ताडून बघा: आकडे, क्रियापदं, आणि विधानाची दिशा.

दिशा म्हणजे काय, ते माझ्याच चुकीवरून सांगते. मी ठाण्यात एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षं होते, आणि प्राध्यापकांना संदर्भसूच्या करून देणं हे माझं निम्मं काम. एका सरांसाठी मी याच निबंधाची नोंद केली आणि लिहिलं, ‘सैल दुवे हे दोन गटांमधले पूल असतात.’ सरांनी कागद परत आणून टेबलावर ठेवला आणि विचारलं, ‘बाई, आमच्या सोसायटीचा वॉचमन मला रोज नमस्कार करतो. तो कुठल्या गटात मला नेणारा पूल?’ निबंध उघडून बघितला. लेखकाने स्वच्छ लिहिलं आहे की सगळे पूल सैल दुवे असतात, पण सैल दुवा आहे म्हणून तो पूल ठरत नाही. मी वाक्य उलटं फिरवलं होतं. लक्षातही आलं नव्हतं, कारण उलटं वाक्य जास्त सुटसुटीत वाटतं. छोटं करताना हीच चूक सगळ्यात जास्त होते: ‘सगळे क्ष हे य’ याचं ‘य म्हणजे क्ष’ होतं. तेव्हापासून ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘मात्र’ असे शब्द ज्या वाक्यात आहेत ते वाक्य मी मूळ पानाशेजारी ठेवून वाचते.

परिभाषेचं एक ठरवून टाका. ‘वीक टाय’साठी तुम्ही एके ठिकाणी तोंडओळख, दुसरीकडे दुर्बल संबंध, तिसरीकडे कमकुवत नाती लिहिलंत, तर बाराव्या नोंदीपर्यंत तुम्हालाच कळणार नाही की तिन्ही एकच की वेगळे. मी ‘सैल दुवा’ आणि ‘घट्ट दुवा’ घेते. ‘दुर्बल’ म्हटलं की तो दुवा कामाचा नाही असं ध्वनित होतं, आणि निबंधाचं म्हणणं तर नेमकं उलट आहे. सरांना दुसरा शब्द पसंत असेल तर तो घ्या, पण बाराही नोंदींत तोच.

आता मूल्यमापनाचं वाक्य. सारांश आणि सटीप नोंद यांतला फरक या वाक्यात असतो, आणि विद्यार्थी इथेच ‘हा निबंध माझ्या संशोधनास अत्यंत उपयुक्त ठरला’ लिहून मोकळे होतात. तुम्हाला तसं करायची गरज नाही, कारण तुमच्याकडे ऐरोलीची लोकल आहे.

लेखकाने दुव्याची व्याख्या चार गोष्टींची केली, पण नोकरीच्या आकड्यांत मोजली फक्त भेटीची वारंवारता. आठवड्यातून निदान दोनदा भेट म्हणजे ‘वारंवार’. वर्षातून एकदाहून जास्त पण आठवड्यातून दोनदाहून कमी म्हणजे ‘अधूनमधून’. वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी म्हणजे ‘क्वचित’. आता ठाणे–वाशी लोकलमधला तुमचा डबा आठवा. ठाण्याला चढून रबाळे-घणसोलीला उतरणारी तीच चार माणसं आठवड्यातून पाच दिवस दिसतात. आडनाव माहीत असतं, कंपनी माहीत असते, ‘आमच्याकडे एक जागा निघाली आहे’ हे तिथेच कळतं. घर कुठे हे माहीत नसतं, मन मोकळं करणं तर दूरच. लेखकाच्या चार अंगांच्या व्याख्येने हा सैल दुवा. त्याच्याच मोजपट्टीने मात्र घट्ट, कारण भेट वारंवार. उलट गावाकडचा सख्खा मामा वर्षातून एकदा गणपतीत भेटतो; मोजपट्टी त्याला ‘क्वचित’मध्ये टाकेल, आणि नोकरीसाठी शब्द टाकायला पहिला तोच जाईल. ‘अधूनमधून’ची पट्टीही केवढी रुंद आहे बघा: दर रविवारी भेटणारा मित्र आणि सहा महिन्यांनी लग्नात भेटणारा ओळखीचा, दोघं एकाच खान्यात.

ही टीका तुमच्या क्षेत्रातून आली आहे, म्हणून ती नोंदीत शोभते. शिवाय तुमच्या प्रश्नावलीत काय बदलायचं हेही तिने सांगितलं: भेट किती वेळा होते एवढं विचारून भागणार नाही.

हे सगळं जुळवून मी नोंद अशी लिहीन:

> ग्रॅनोवेटर, मार्क. ‘द स्ट्रेंथ ऑफ वीक टाइज.’ अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी, खंड ७८, अंक ६ (१९७३), पृ. १३६०–१३८०.
>
> दोन व्यक्तींमधला दुवा जितका घट्ट, तितके त्यांचे मित्रवर्तुळ सामाईक, या गृहीतकातून लेखक असा निष्कर्ष काढतो की दोन गटांना जोडणारा पूल नेहमी सैल दुवाच असतो. मात्र प्रत्येक सैल दुवा पूल नसतो. हे तत्त्व तो माहितीचा प्रसार, नोकरीबदल आणि वस्त्यांचे संघटन या तिन्हींना लावून पाहतो. वस्त्यांबाबतचे विवेचन तर्कावर आधारित आहे. नोकरीचा पुरावा बॉस्टनच्या एका उपनगरातला आहे: ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांपैकी १६.७ टक्के जणांची त्या व्यक्तीशी वारंवार, ५५.६ टक्क्यांची अधूनमधून आणि २७.८ टक्क्यांची क्वचित भेट होत असे. ज्यांना ओळखीचा उपयोग झाला नाही, ते यात नाहीत. दुव्याची व्याख्या चार अंगांची असूनही येथे मोजमाप केवळ भेटींच्या वारंवारतेचे आहे. रोज लोकलमध्ये भेटणारी तोंडओळख त्यात घट्ट ठरते. प्रस्तुत अभ्यासात सैल आणि घट्ट दुव्यांची व्याख्या येथून घेतली आहे, मोजमाप मात्र स्वतंत्र ठेवले आहे.

वरची संदर्भाची ओळ सोडून हे एकशेपंधराच्या आसपास शब्द आहेत. दीडशेची मर्यादा बहुधा इंग्रजी मार्गदर्शिकेतून आलेली असते, आणि मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटते, त्यामुळे तेवढाच मजकूर कमी शब्दांत मावतो. उरलेले पस्तीस भरायला जाऊ नका. संदर्भाची ओळ कुठल्या शैलीत हवी हे सरांना विचारा. स्वल्पविराम कुठे द्यायचा यावर मी वाद घालत नाही.

नोंदीत मी ९, ३०, १५ न लिहिता टक्के का ठेवले, असं विचाराल. कारण तुमची नोंद वाचून कुणी मूळ निबंध उघडला तर त्याला तोच आकडा छापलेला सापडला पाहिजे. माझा हिशेब समासात राहतो. ते तीन टक्के मिळून १००.१ होतात, ती दशांशाची गोळाबेरीज आहे, छपाईची चूक नाही, तेव्हा एखादा आकडा ‘दुरुस्त’ करायच्या फंदात पडू नका.

काय सोडलं तेही बघा. घट्ट-सैलच्या आकृत्या गेल्या, इतरांच्या अभ्यासांची नावं गेली, वेस्ट एन्डचं नाव गेलं, शेवटाकडचा जाळ्यांच्या प्रतिमानांचा भाग सबंध गेला. शेजारच्या बाकावरची मुलगी झोपडपट्टी पुनर्वसनावर प्रबंध करत असेल, तर तिच्या नोंदीत वेस्ट एन्डला तीन वाक्यं मिळतील आणि ५४ जण अर्ध्या वाक्यात जातील. पहिलं वाक्य मात्र दोघींचं जवळपास सारखंच निघायला हवं; ते वेगळं निघालं, तर दोघींपैकी एकीने निबंध नीट वाचलेला नाही.

नोंद जमली की नाही हे बघायला मी एक साधी गोष्ट करते. लेखकाचं नाव आणि शीर्षक झाकून ती निबंध न वाचलेल्या कुणाला तरी देते आणि दोनच प्रश्न विचारते: लेखकाने काय मोजलं, आणि काय नुसतं म्हटलं? तुमच्या जुन्या पहिल्या वाक्यावर कुणी सांगेल, ‘सगळं मोजलं.’ वरच्या नोंदीवर सांगता येईल की चोपन्न जणांच्या भेटी मोजल्या, पुलाचं तर्काने काढलं, वस्त्यांचं तर्कावरच ठेवलं.

पुढची नोंद कुठल्या निबंधाची करायची हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. यादीत नसेल तर यानजिए बियान यांचा अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यूमधला १९९७ चा निबंध घ्या. चीनमधल्या त्यांच्या अभ्यासात नोकऱ्या सरकारी यंत्रणा वाटून देत होती, आणि तिथे घट्ट दुवे जास्त उपयोगी पडलेले दिसतात, कारण प्रश्न जागेची बातमी कळण्याचा नव्हता. वजन वापरू शकणाऱ्या माणसापर्यंत पोहोचण्याचा होता. तुमच्या मुलाखतींत ‘लोकलमध्ये कळलं’ आणि ‘मामाने शब्द टाकला’ हे दोन्ही येणार, आणि ते वेगळे मोजावे लागतील. बियानची नोंद झाली की ग्रॅनोवेटरच्या नोंदीचं शेवटचं वाक्य परत काढा. ‘मोजमाप स्वतंत्र ठेवले आहे’ एवढंच तिथे आहे; बातमी आणि शिफारस यांतलं तुम्ही नेमकं काय मोजणार, हे त्यात घालायला पस्तीस शब्द शिल्लक आहेतच.